रंग जातो का?

आमच्या ताईला घरात सगळे मोजपट्टी म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण तिला ते पक्कं ठाऊक आहे. सकाळी चहाआधी मोजपट्टी गळ्यात पडते आणि रात्री झोपताना निघते. एकदा ती तशीच गळ्यात घालून दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. डॉक्टरने विचारलं, दात किती लांब आहे ते मोजून आणलंय का? ताईला विनोद कळायला वेळ लागतो, कारण मधल्या वेळात तिची काळजी करून होत असते. ती म्हणाली, दात वाढतो का हो?

काळजी हा तिचा मूळ धंदा आणि शिवण हा जोडधंदा. मी तिची धाकटी बहीण, दोन घरं सोडून राहते, आणि माझा स्वभाव तिच्या अगदी उलट. मला राग येतो आणि जातो. तिला राग येतच नाही, तिच्या पोटात गोळा येतो. फोन वाजला की गोळा, दारावर टकटक झाली की गोळा. आयुष्यभर सुतावरून स्वर्ग गाठायचा, आणि तिथे पोचल्यावर तो पडेल की काय म्हणून खांब शोधायचे.

लग्नाआधी ती एका शिंप्याकडे मुलींचे फ्रॉक शिवायची. मग शाळांचे गणवेश, मग एका पडद्यांच्या दुकानात काम. भाऊजी बस चालवायचे. वर्षानुवर्षं त्या खुर्चीत बसून त्यांच्या कमरेचे मणके झिजले, आणि शेवटी डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला लावलं. बस सुटली ती सुटलीच. त्याच सुमाराला पडद्यांचं दुकानही बंद झालं. दुकानदाराने जाताना उरलेल्या कापडाचे गठ्ठे ताईला दिले. तिने त्याची कुशन कव्हरं शिवली, लेकीने एका ॲपवर पान उघडून ती विकायला लावली, आणि बघता बघता त्या दोघांचं घर त्या पानावर चालायला लागलं. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत भाऊजींची आरामखुर्ची, मधल्या कपाटात झिपा, रिळं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या.

ॲपवर प्रत्येक वस्तूखाली जो मजकूर लिहायचा असतो त्याला लिस्टिंग म्हणतात. लेकीने पहिल्यांदा दोन ओळींत उरकलं होतं: सुंदर कुशन कव्हर, घराची शोभा वाढवा. फोटोत कव्हरं छान फुगलेली, गुबगुबीत. एका बाईंनी मागवली, पाकीट उघडलं तर आत नुसतं कापड. फोटोतली उशी कुठे गेली, असं विचारून त्यांनी सगळं परत पाठवलं. कारण लिहिलं, ‘वर्णनाप्रमाणे नाही’. ताई आठवडाभर तोंड लपवून फिरत होती, जशी काही उशी तिने चोरलीच होती.

मग तिने लिस्टिंग स्वतः लिहायला घेतलं. ती सांगणार आणि मी फोनवर टाइप करणार. माझा जीव गेला त्या दुपारी. आकार सोळा बाय सोळा इंच, इतकं लिहून मी पुढे निघाले तर ती म्हणाली, थांब, कसं मोजलंय ते लिही. झिप बंद करून, कव्हर टेबलावर सपाट पसरून, शिवणीपासून शिवणीपर्यंत. अर्धा इंच इकडेतिकडे होऊ शकतो. झिप लपलेली, कडेच्या शिवणीत, वरून दिसत नाही, सोफ्याला ओरखडा पडत नाही. कापड जाड सुती. आणि मग ठळक अक्षरांत: फक्त कव्हर मिळेल, आतली उशी मिळणार नाही. त्याखाली आणखी एक ओळ तिने घालायला लावली, की उशी वेगळी घेताना कव्हरापेक्षा दोन इंच मोठी घ्यावी, म्हणजे कोपरे रिकामे लोंबत नाहीत. मी म्हटलं, अगं, आपण कव्हर विकतोय की शिकवणी घेतोय? ती म्हणाली, लिहून ठेवलेलं बरं.

इतकं करूनही दुसरी तक्रार आलीच. लपलेल्या झिपा संपल्या होत्या, दुकानात नव्हत्या, ऑर्डर जायची वेळ झाली होती. ताईने साध्या झिपा लावल्या. त्याही चांगल्याच होत्या, पण दातरं वरून दिसत होती आणि लिस्टिंगमध्ये लपलेली असं लिहिलं होतं. पुन्हा ‘वर्णनाप्रमाणे नाही’. यावेळी ॲपकडून पत्रच आलं. याच कारणाची आणखी एक तक्रार आली तर पान बंद होईल. फेरतपासणीनंतर ते उघडेल की नाही, हे सांगता येणार नाही.

त्या दिवसापासून फोन टेबलावर पालथा असायचा. वाजला की ताई आधी भिंतीकडे बघायची आणि मग मला म्हणायची, तू वाच. मी नसेन तर भाऊजींना वाचायला लावायची. ते बिचारे चष्मा शोधेपर्यंत हिने तीनदा, काय लिहिलंय, विचारलेलं. मी तिला खूप बोलले. म्हटलं, दोन बायकांनी कव्हरं परत केली तर जग बुडलं का? ती म्हणाली, तुझं काय जातंय, तुझ्या घरी पगार येतो. हे तिने मला टोचायला म्हटलं नव्हतं. खरंच तसं होतं, म्हणून म्हटलं.

तर अशा दिवसांत मरून कापडाचा नवा तागा आला.

रंग इतका सुंदर होता की मलाच दोन कव्हरं मागावीशी वाटली. ताईने नेहमीप्रमाणे एक तुकडा कापून साबणाच्या पाण्यात भिजत घातला. शिंप्याकडे असताना ती हेच शिकली होती. लहान मुलीचा लाल फ्रॉक आणि पांढरी कॉलर, एका धुण्यात कॉलर गुलाबी झाली तर फ्रॉक तोंडावर फेकला जाणार. म्हणून कापायच्या आधी कापड भिजवायचं, पाणी बघायचं. जेवणं उरकून तिने बादलीत पाहिलं तर पाणी जसंच्या तसं. मलाही दाखवलं. मी म्हटलं, पिऊन दाखवू का आता? लिस्टिंगमध्ये एक ओळ वाढली: रंग पक्का.

पान वर गेलं आणि पाठोपाठ एक प्रश्न आला. ॲपवर घेणाऱ्याला विक्रेत्याला प्रश्न विचारता येतो. विचारणाऱ्या बाईंचं गावाच्या दुसऱ्या टोकाला पार्लर होतं. त्यांनी लिहिलं होतं: सोफा क्रीम रंगाचा आहे, रंग जातो का? ताईने पहिल्यांदाच स्वतःहून फोन हातात घेतला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तिने उत्तर दिलं: अजिबात नाही, निर्धास्त घ्या. मला ते पाहून बरं वाटलं होतं. वाटलं, चला, एका तरी गोष्टीची हिला खात्री आहे.

पार्लरवाल्या बाईंनी दहा मागवली. त्या ताग्यातली तोवरची तेवढीच ऑर्डर. ताईने अकरा शिवली, कारण एकाची झिप जराशी वाकडी बसली. ते बाद झालेलं कव्हर तिने जुन्या उशीला चढवलं आणि भाऊजींच्या कमरेमागे ठेवलं, त्यांच्या पाठीचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. दहा कव्हरं पाकिटात गेली, पार्सलवाला घेऊन गेला, पोचल्याचा निरोपही आला. त्या रात्री ती नीट झोपली म्हणे.

पुढच्या आठवड्यात उकाडा वाढला. मी दुपारी काहीतरी द्यायला म्हणून गेले होते. भाऊजी खुर्चीतून उठून पाणी प्यायला निघाले, आणि ताई त्यांच्या मागे होती. तिच्या हातातला पेला पडला. भाऊजींच्या पांढऱ्या बनियनवर, कमरेच्या वर, बरोबर टाक्यांच्या जागी, मोठा लालसर तपकिरी डाग होता.

“अहो, हलू नका,” ताई म्हणाली. आवाज असा, की तो तिचा वाटतच नव्हता.

भाऊजी होते तिथेच भिंत धरून थांबले. टाके काढून थोडेच दिवस झाले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकू नका, उचलू नका, जखमेतून काही आलं तर लगेच घेऊन या. मी रिक्षा बघायला दाराकडे धावले, पुन्हा आत आले, पुन्हा दाराकडे गेले. इतर वेळी मी मोठी शहाणी, पण तेव्हा मला चप्पलसुद्धा सापडेना. भाऊजी विचारत होते, काय झालं, सांगा तरी. ताईने बनियन हळूच वर केलं. पाठ लाल होती. तिने टॉवेलचा कोपरा ओला करून पुसलं. टॉवेल लाल झाला आणि पाठ स्वच्छ निघाली. टाक्यांची रेघ कोरडी होती, ठणठणीत.

मला आधी हसू आलं. खरंच आलं. मी म्हटलं, भाऊजी, घामाने तुमच्या पाठीवर कुशन उतरलंय. तेही हसले, आणि हसल्यावर कळ आली म्हणून ओरडले. आम्ही दोघं हसत होतो आणि ताई त्या खुर्चीपाशी खाली बसली होती. तिने उशी मांडीवर घेतली होती. टॉवेलचा ओला, पांढरा भाग ती कव्हरावर घासत होती. दोनदा घासला, तीनदा घासला. प्रत्येक वेळी टॉवेलवर डाग.

“त्यांच्याकडे लोक ओल्या केसांनी बसतात,” ती म्हणाली.

माझं हसू तिथंच जिरलं. पार्लर. धुतलेले केस, पांढरे टॉवेल, क्रीम सोफा. आणि निर्धास्त घ्या, असं एका बोटाने लिहिलेलं.

ताईने कापडवाल्याला फोन लावला. तो काही वाईट माणूस नव्हता, गोड बोलणारा होता. त्याला यात काही नवल वाटलं नाही. त्याने सांगितलं की हा रंग धाग्यात मुरवलेला नाही, वरून बसवलेला आहे. भिजवलं तर जात नाही, घासलं तर जातो, आणि ओलं असताना घासलं तर जास्त. गडद रंगांचं असंच असतं, ताई, सगळे घेतात. तिने विचारलं, मग तुम्ही सांगितलं का नाही? तो म्हणाला, तुम्ही विचारलं नाही. तुम्ही तर नेहमी भिजवून बघता.

फोन ठेवल्यावर तिने कोपऱ्यातली बादली पालथी घातली. मग म्हणाली, अगं, फ्रॉक धुतात. कुशन कोण रोज धुतं? त्याला तर लोक पाठ घासतात. इतकी वर्षं मी पाणी बघतेय.

मला तिची कीव आली आणि रागही आला. राग तिचा नव्हे, आपण रिकाम्या जागी घाबरतो आणि खरी भीती भलत्याच दारातून आत येते, त्याचा. मी व्यवहाराचं बोलले. म्हटलं, त्यांची अजून तक्रार आलेली नाही. कदाचित येणारही नाही. लोकांचं लक्ष नसतं. परत करायची मुदत संपत आलीये, ती संपू दे. तू आजपासून मरून विकणं बंद कर, झालं. पान वाचेल. भाऊजींकडे बघितलं, तर ते खिडकीतून बाहेर बघत होते. लेकीला फोन केला. तीही घाबरली, पण म्हणाली, मावशी म्हणते ते बरोबर आहे, आई, उगाच अंगावर घेऊ नकोस.

ताई हो म्हणाली. मशीनवर जाऊन बसली. शिवायला सुरुवात केली आणि थांबली. पुन्हा सुरुवात, पुन्हा थांबली. संध्याकाळपर्यंत तिने एक कव्हर उलटं शिवलं. मोजपट्टीने काही उलटं शिवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. चपला घातलेल्या, पिशवीत पार्सलच्या चिठ्ठीची प्रत, पत्ता त्याच्यावर. मोजपट्टी गळ्यातच. म्हणाली, तू येतेस का, नाहीतर मी एकटी जाते. आता एकटी जाते म्हणणाऱ्या ताईला एकटीने बसनेही जाता येत नाही, थांबा निघून जाईल या भीतीने ती दोन थांबे आधीच उतरते. मी गेले.

बसमध्ये तिने माझा हात धरला होता. सगळी वाट ती सोफ्याचाच हिशोब करत होती. क्रीम रंगाचा सोफा घासून निघतो का? कापडाचा असेल की रेक्झिनचा? रेक्झिनचा असला तर पुसता येईल. कापडाचा असला तर? कुणाच्या पांढऱ्या कपड्याला लागला असेल तर? मी म्हटलं, गप्प बस. तिने हात अजून घट्ट धरला.

पार्लर एका औषधाच्या दुकानाच्या वर होतं. जिना अरुंद, वर काचेचं दार. आत दोन आरसे, दोन खुर्च्या, केस धुवायचं भांडं आणि भिंतीला लागून सोफा. क्रीम. कापडाचा. ताईने आधी सोफाच पाहिला. त्यावर एकही कुशन नव्हतं. डागही नव्हता.

मालकीण पन्नाशीची, केस अगदी आखूड, हातात कंगवा. आम्ही केसांसाठी आलो असं वाटून तिने बसायला सांगितलं. ताई बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सांगितलं की ती कव्हरं माझी आहेत, मरूनवाली. मालकिणीचा चेहरा खुलला. म्हणाली, अहो, छान आहेत, पण लावायला मिळेनात. तुम्हीच लिहिलंय ना, आतली उशी मिळणार नाही, दोन इंच मोठी घ्या. तशी मागवली, तर ती दुसरीकडून यायची आहे, अजून आलीच नाही. कव्हरं पाकिटातच आहेत.

ताईचा जीव खाली बसला आणि तीही बसली, त्याच सोफ्याच्या अगदी कडेला. मला वाटलं, सुटलो. ज्या ओळीवरून मी तिला हसले होते, त्या ओळीनेच पाकिटं बंद ठेवली होती.

“एकच काढलं,” मालकीण म्हणाली. “कसं दिसतं बघायला. धुवायच्या खुर्चीला लावलंय.”

आम्ही तिकडे वळलो. भांड्यासमोरच्या खुर्चीच्या पाठीला एक जुनी उशी बांधली होती, त्यावर आमचं मरून. खुर्चीशेजारी एक थोराड बाई टॉवेलांच्या घड्या घालत होती. केस धुवायचं काम तिचं. मालकिणीने तक्रारीच्या सुरात सांगितलं की बाकी सगळं ठीक, पण या आठवड्यात टॉवेल फार खराब होताहेत. हिच्या हातून केसांचा रंग सांडतो आणि ही कबूल करत नाही. सकाळीच पुन्हा बोलले तिला.

केस धुणारी बाई घडी घालत राहिली, जरा जोरात.

ताई उठली. तिने त्या बाईकडे एक टॉवेल मागितला, नळाखाली कोपरा ओला केला आणि खुर्चीवरच्या कव्हरावर घासला. मग तो टॉवेल मालकिणीसमोर धरला.

“यांच्या हातून काही सांडलेलं नाही. माझा रंग जातो. मी तुम्हाला जात नाही म्हणून लिहिलं होतं. मी भिजवून पाहिलं होतं, घासून नव्हतं पाहिलं.”

मालकिणीने टॉवेल घेतला, डाग पाहिला, मग आधीच्या घडीतला एक टॉवेल उलगडून त्याचा डाग पाहिला. दोन्ही डाग तिने शेजारी शेजारी धरले. मग त्या केस धुणाऱ्या बाईकडे वळली आणि म्हणाली, मला आधी विचारायला हवं होतं. ती बाई म्हणाली, मी सांगत होते. एवढंच. पण तिने डागाचा टॉवेल पुन्हा घडी केला तो डाग वर ठेवून, आणि तसाच सगळ्यांच्या वर ठेवला.

मालकीण चिडली, चिडणारच. लिहिताना विचार करायचा होता, असं ती ताईला स्पष्ट म्हणाली. माझा सोफा गेला असता तर तुम्ही काय केलं असतं? ताई ऐकत होती, मान खाली घालून, शाळेत उभी केल्यासारखी. मला मध्ये पडावंसं वाटलं, पण मध्ये पडून म्हणणार काय? मग मालकीण जरा निवळली. चहा मागवला. म्हणाली, परत करते, पैसे ॲपवरून मिळतील मला. तिने फोन काढला, ऑर्डर उघडली, ‘परत करा’वर बोट ठेवलं. खाली कारणं आली.

ती कारणं आता मला तोंडपाठ आहेत. मालकिणीने फोन आमच्याकडे वळवला. पहिलं कारण होतं, ‘नको झालं’. त्याखाली, ‘वर्णनाप्रमाणे नाही’.

“काय लिहू? तुमचं काही नुकसान होत असेल तर पहिलंच लिहिते. मला काय, दोन्ही सारखंच.”

मी ताईकडे पाहिलं. डोळ्यांनी ओरडता येत असतं तर त्या इमारतीला ऐकू गेलं असतं. पहिलं, ताई, पहिलं म्हण. ती स्वतःहून देतेय. तुझं पान, तुझी पुढची खोली, भाऊजींची औषधं, सगळं त्या एका बोटावर आहे. ताईला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. गेले कित्येक दिवस ती दुसऱ्या कशाचा विचारच करत नव्हती. तिने एकदा फोनकडे पाहिलं आणि एकदा त्या घडीवरच्या डागाकडे.

“वर्णनाप्रमाणे नाही,” ती म्हणाली. “तसंच आहे ते.”

मालकिणीने बोट टेकवलं.

परतीच्या बसमध्ये मी पिशवी दोघींच्या मध्ये ठेवली. इतकी चिडले होते. ताईने यावेळी हात धरला नव्हता. ती खिडकीतून दुकानं बघत होती, आणि आम्ही आमच्याच थांब्यावर उतरलो, आधीच्या नाही.

पान दुसऱ्या दिवशी बंद झालं. निरोप भाऊजींनी वाचला. मी धावत गेले, म्हटलं आता हिला सावरायला हवं, तर ही कपाट रिकामं करून झिपा लावत बसलेली, लपलेल्या एकीकडे, साध्या एकीकडे. मी विचारलं, बरी आहेस ना? ती म्हणाली, झालं ना एकदाचं. आता फोन वाजला तरी काय करणार आहे? आणि खरंच, फोन टेबलावर उताणा ठेवलेला होता.

ते दिवस वाईट गेले, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. ताईने शेजारपाजारचे कपडे आखूड करून दिले, फाटलेल्या पिशव्या शिवून दिल्या. भाऊजी खुर्चीत बसून धागे कापायचे. लेक ॲपवाल्यांना लिहीत राहिली. त्यांनी विचारलं, यापुढे अशी तक्रार येऊ नये म्हणून तुम्ही काय बदल केला? लेकीने इंग्रजीत मोठं काहीतरी लिहायला घेतलं. ताई म्हणाली, थांब.

भाऊजींचं ते डाग पडलेलं बनियन तिने टाकलं नव्हतं. डाग नसलेला भाग कापून तिने त्याची लहान लहान चौकोनी फडकी केली होती, बाजूला छोटी शिवण घालून, मोजून, सगळी सारखी. घरातल्या प्रत्येक ताग्याची तिने चाचणी घेतली. एका फडक्याने कोरडं घासायचं, एक ओलं करून घासायचं. मग दोन्ही फडकी कापडाशेजारी ठेवून फोटो. प्रत्येक लिस्टिंगमध्ये गुबगुबीत कुशनच्या आधी तो फोटो. राखाडी कापडाची दोन्ही फडकी पांढरी. निळ्याचं ओलं फडकं किंचित निळं. मरूनचं ओलं फडकं लालभडक, आणि खाली तिची ओळ: ओलं घासल्यास रंग लागतो, फिक्या सोफ्यावर, पांढऱ्या कपड्यांवर वापरू नये.

लेक कपाळाला हात लावून म्हणाली, आई, असं कोण विकतं गं? हे बघून कोण घेईल मरून? ताई म्हणाली, ज्याचा सोफा काळा असेल तो घेईल.

पान उघडलं. लगेच नाही, पण उघडलं. पहिले काही दिवस काहीच आलं नाही. ताईची काळजी परत आली, म्हणजे तब्येत सुधारली असं मी धरलं. मग एका दुपारी, मी तिथेच होते, भाऊजी धागे कापत होते, फोन वाजला. ताईने स्वतः उचलला. प्रश्न आला होता. तिने वाचला आणि फोन माझ्याकडे दिला. चेहऱ्यावरून मला काहीच कळेना, म्हणून मी वाचलं.

पार्लरमधून होता. उशा आल्यात, आता कव्हरं हवीत. दहा, राखाडी. फोटो बघितला. तरी विचारते, रंग जातो का?

मी म्हटलं, लिही, जात नाही. दोन्ही फडकी पांढरी आहेत, तूच फोटो काढलायस. हातात आलेली ऑर्डर जाईल, पटकन लिही.

ताईने फोन घेतला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं: थांबा, राखाडीचा तागा नवा आलाय, फोटोतला नाही. घासून सांगते.

आणि ती नळाकडे गेली, फडकं ओलं करायला.